जीएसटी नंबर सरेंडर केला, तरी नोटीस का येते?

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या माझ्या छोट्या ऑफिसात दर वर्षी जून-जुलैत एक ठरलेलं दृश्य असतं. दुकान बंद करून सहा महिने झालेला माणूस हातात मोबाईल घेऊन दारात उभा असतो आणि म्हणतो, "ताई, नंबर तर कवाच सरेंडर केलाय की. आता कसलं रिटर्न मागत्यात?" लक्ष्मीपुरीतला किराणा दुकानदार असो, उद्यमनगरातला लेथवाला असो नाहीतर पापाची तिकटीवरचा चप्पल व्यापारी, अडचण बहुतेक वेळा एकच असते. जीएसटी नोंदणी रद्द करणं आणि जीएसटीतून पूर्ण मोकळं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ही गाठ मी इतक्या वेळा सोडवली आहे की ती कोणत्या क्रमाने तपासायची हे आता पाठ झालंय. तोच क्रम इथे देते.

लक्षणं

तुमच्याकडे यापैकी काही घडत असेल तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

नोंदणी रद्द झाल्याचा मेसेज आला होता, पण काही महिन्यांनी GSTR-3A नावाची नोटीस आली आणि १५ दिवसांत रिटर्न भरा असं त्यात लिहिलंय. किंवा अर्ज केला, दीड महिना झाला, पण आदेशच येत नाही. किंवा दुकान मार्चमध्ये बंद केलं, अर्ज सप्टेंबरमध्ये केला आणि आता मधल्या सगळ्या महिन्यांची रिटर्न बाकी दिसतात. किंवा शेवटचं रिटर्न भरायला बसलात आणि पडद्यावर एकदम १०,००० रुपये लेट फी आली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोर्टलचा ओटीपी अजून जुन्या हिशोबनिसाच्या मोबाईलवर जातो आणि तो फोन उचलत नाही.

पहिली तपासणी: नंबरची आजची स्थिती. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं

लॉगिनही लागत नाही. gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये आपला जीएसटी नंबर टाका. स्थितीच्या रकान्यात चारपैकी एक काहीतरी दिसेल.

`Active` दिसलं तर तुमचा अर्ज गेलेलाच नाही, किंवा फेटाळला गेलाय. `Suspended` म्हणजे बहुधा अर्ज पोचलाय, पण आदेश व्हायचाय. `Cancelled on application of Taxpayer` म्हणजे तुमच्या अर्जावर नंबर रद्द झालाय. `Cancelled suo-moto` म्हणजे तुम्ही काही केलं नाही म्हणून अधिकाऱ्याने स्वतःहून रद्द केलाय. ही शेवटची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येते.

हे आधी बघायचं, कारण अर्धी माणसं चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करत बसतात. एका चहा-पावडरवाल्या काकांनी "नंबर बंद केला" असं मला छातीठोकपणे सांगितलं होतं. बघितलं तर अर्ज मसुद्यातच पडलेला. शेवटचा ओटीपी टाकायचा राहिला होता आणि सात महिन्यांची रिटर्न साठली होती. अर्ज खरंच गेला असेल तर तुमच्याकडे त्याचा एआरएन क्रमांक असतो. एआरएन नाही म्हणजे अर्ज नाही.

रद्द झालेला दिसला तर शेजारची तारीखही कागदावर लिहून घ्या. पुढचं सगळं त्या तारखेवर चालतं.

दुसरी तपासणी: तुम्ही कंपोझिशनमध्ये होता का

हे लवकर संपतं. अंतिम रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१०, फक्त नेहमीच्या पद्धतीने कर भरणाऱ्यांना लागतं. कंपोझिशनवाल्यांना ते नाही. त्यांना बंद होईपर्यंतचं तिमाही सीएमपी-०८ आणि त्या वर्षाचं जीएसटीआर-४ पूर्ण करायचं. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर खाली मालाच्या हिशोबाचा जो भाग आहे तो सोडून द्या.

तिसरी तपासणी: लॉगिन आणि मोबाईल नंबर

युजरनेम आणि पासवर्ड तुमच्याकडे आहे का, आणि ओटीपी तुमच्याच फोनवर येतो का? कोल्हापुरात छोट्या दुकानांची नोंदणी बहुतेक वेळा हिशोबनिसाने स्वतःचा मोबाईल आणि ईमेल घालून केलेली असते. धंदा चालू असतो तोवर ते खपतं. दुकान बंद झालं की त्याची महिन्याची फी थांबते, आणि नोटीस मात्र त्याच्याच ईमेलवर जात राहते. तुम्हाला कळेपर्यंत मुदत गेलेली असते.

नंबर अजून चालू असेल तर आधी हे बदलून घ्या आणि मगच रद्द करण्याचा अर्ज टाका. रद्द झाल्यावर ही दुरुस्ती पोर्टलवरून स्वतःला करता येत नाही, आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे ओळखपत्र घेऊन अर्ज करावा लागतो. तुमची फाईल राज्याच्या अधिकाऱ्याकडे आहे की केंद्राच्या, हे Search Taxpayer मध्येच दिसतं. चुकीच्या कार्यालयात हेलपाटा घालण्यापेक्षा ते आधी वाचा.

चौथी तपासणी: अर्जाची तारीख आणि बंद करण्याची तारीख

नोंदणी रद्द करण्याचा अर्ज म्हणजे REG-16. कायदा सांगतो की धंदा बंद झाल्यापासून ३० दिवसांत तो करावा. पण लोकांना अडवते ती दुसरीच गोष्ट. रद्द होण्याची तारीख अर्जाच्या तारखेच्या मागची मिळत नाही. दुकान मार्चमध्ये बंद केलं आणि अर्ज १० सप्टेंबरला केला, तर नोंदणी १० सप्टेंबरपासूनच रद्द होते. एप्रिल ते सप्टेंबर एक रुपयाचीही विक्री नसली तरी त्या काळाची जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी शून्य म्हणून भरावीच लागतात. उशीर झालेल्या शून्य ३बी ला रोजचे २० रुपये, एका रिटर्नला जास्तीत जास्त ५०० रुपये. रक्कम लहान वाटते, पण महिन्याचं रिटर्न असेल तर सहा रिटर्नचे तीन हजार होतात.

म्हणून माझं सांगणं असतं की शटरला शेवटचं कुलूप लावायचं त्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशीच अर्ज टाका. अर्ज केला की नंबर आपोआप स्थगित होतो. त्यानंतर करपात्र विक्री करायची नाही, आणि स्थगितीच्या काळातलं नेहमीचं रिटर्नही मागितलं जात नाही. पण अर्जाच्या दिवसापर्यंतचं रिटर्न तुमच्यावर राहतंच. तिमाही भरणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. तिमाहीच्या मधेच नंबर रद्द झाला तरी त्या अर्धवट तिमाहीचं रिटर्न द्यायचंच आहे.

आदेश साधारण अर्जापासून ३० दिवसांत यायला हवा. येत नसेल तर लॉगिन करून Services > User Services > View Notices and Orders उघडा. बऱ्याच वेळा तिथे अधिकाऱ्याने खुलासा मागितलेला असतो आणि उत्तराची मुदत सरत आलेली असते. खुलासा बहुधा बाकी रिटर्नचा किंवा शिल्लक मालाचा असतो. कार्यालयात जायच्या आधी ते वाचलंत तर एक दिवस वाचतो.

पाचवी तपासणी: अंतिम रिटर्न भरलंय का

खरी गोम इथेच असते. आदेश आला की माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पण रद्द झाल्याची तारीख आणि आदेशाची तारीख, यातली जी नंतरची असेल तिच्यापासून तीन महिन्यांत जीएसटीआर-१० भरायचं असतं. पोर्टलवर ते Services > Returns > Final Return मध्ये मिळतं. जीएसटीआर-९ हे वार्षिक रिटर्न वेगळं आणि हे वेगळं. २ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना वार्षिक रिटर्नची सूट असते, म्हणून "आम्हाला ते लागत नाही" असं समजून बरेच जण हेही सोडून देतात. अंतिम रिटर्नला उलाढालीची सूट नाही. दुकानात एक खिळा शिल्लक नसला तरी शून्याचं अंतिम रिटर्न भरायचंच.

उशिराची फी रोज २०० रुपये आहे, १०० केंद्राची आणि १०० राज्याची. ती १०,००० ला थांबते. म्हणजे मुदतीनंतर पन्नासाव्या दिवशी मीटर पूर्ण भरतो. त्याआधी भरलंत तर दिवसागणिक पैसे वाचतात, म्हणून ही चूक सापडली की त्याच आठवड्यात निपटून टाका. पन्नास दिवस उलटून गेले असतील तरी "आता काय, जास्त होत नाही" म्हणून थांबू नका. नोटिशीचे १५ दिवस संपले की अधिकारी आपल्या अंदाजाने कर ठरवून आदेश काढू शकतो, आणि तो अंदाज तुमच्या खऱ्या हिशोबापेक्षा मोठा निघू शकतो.

सहावी तपासणी: शिल्लक मालावरचा कर. इथे वेळ द्या

अंतिम रिटर्न मागतात कशाला हे कळलं की आकडे आपोआप लागतात. माल घेताना तुम्ही भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं, कारण तो माल पुढे कर लावून विकला जाणार होता. आता धंदाच बंद झाला. जो माल विकला गेला नाही त्यावर घेतलेलं क्रेडिट सरकारला परत करायचं. रद्द होण्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी जो माल हातात होता तोच धरायचा. परत करायची रक्कम म्हणजे त्या मालावर घेतलेलं क्रेडिट किंवा तो माल विकला असता तर लागला असता तो कर, यातलं जे जास्त ते.

गेल्या वर्षीचंच एक काम सांगते. शाहूपुरीतलं इलेक्ट्रिकचं छोटं दुकान, वायर, स्विच, बोर्ड असा माल, सगळा १८ टक्क्यांचा. मालकांनी ३१ डिसेंबर २०२४ ला अर्ज केला आणि तीच तारीख बंद होण्याची दिली. आदेश २० जानेवारी २०२५ ला आला. तिमाहीचं शेवटचं रिटर्नही त्यांच्या हिशोबनिसाने भरलं. तिथे सगळे थांबले. अंतिम रिटर्नची मुदत २० एप्रिलला संपली. २८ जूनची नोटीस घेऊन ते माझ्याकडे आले तेव्हा मीटर केव्हाच भरला होता, ९ जूनलाच.

त्यांचा पहिला आग्रह होता, "शून्य टाका आणि मोकळं करा ताई, अर्जात पण शून्यच टाकलंय." मी विचारलं, माल कुठाय? तर घराच्या पोटमाळ्यावर. आम्ही दोघे तिथे जाऊन बसलो. वायरची बंडलं, स्विचचे डबे, काही बोर्ड. एकेक मोजून खरेदीच्या बिलाशी लावलं. कर सोडून खरेदीची किंमत निघाली ६२,००० रुपये, म्हणजे क्रेडिट ११,१६०. ठोक भावाने त्या मालाला बाजारात ५५,००० च आले असते, त्यावर कर ९,९००. जास्त ते धरायचं, म्हणून ११,१६०.

मग त्यांचा बिलाचा प्रिंटर. तो विकला नव्हता, घरीच वापरात होता. १० मार्च २०२२ ला ३०,००० रुपये अधिक ५,४०० जीएसटी देऊन घेतलेला. यंत्रसामग्रीचं आयुष्य कायदा ५ वर्षं म्हणजे ६० महिने धरतो आणि वापरलेले महिने त्यातून वजा करतो. ३३ महिने आणि वर २१ दिवस झाले होते. अर्धवट महिना वापरलेला धरायचा, म्हणजे ३४. उरले २६.

```
5400 × 26 ÷ 60 = 2340
```

आजच्या बाजारभावाने प्रिंटर ८,००० चा, त्यावर कर १,४४०. इथेही जास्त ते, म्हणजे २,३४०. दोन्ही मिळून १३,५००, केंद्र आणि राज्य यांचे निम्मे निम्मे, ६,७५० प्रत्येकी.

त्यांच्या क्रेडिट लेजरमध्ये अजून ९,२०० शिल्लक होते, दोन्हीकडे ४,६०० प्रत्येकी. शिल्लक मालाचा हा कर क्रेडिटमधून फेडता येतो, हे फार जणांना माहीत नसतं. म्हणजे रोख द्यावे लागले ४,३००. लेट फी मात्र क्रेडिटमधून जात नाही, ते १०,००० रोखच. व्याज वेगळं, या कामात ते फार नव्हतं. एप्रिलमध्ये आले असते तर ४,३०० त काम झालं असतं, हे त्यांना सांगताना मलाच जड गेलं. १० जुलैला, नोटिशीची मुदत संपायच्या तीन दिवस आधी, रिटर्न गेलं.

शून्य टाकायला मी नकार दिला त्यामागे दोन कारणं होती. पहिलं म्हणजे जीएसटीआर-१० सुधारता येत नाही, एकदा भरलं की संपलं. दुसरं, त्यांनी तोवर घेतलेलं क्रेडिट आणि केलेली विक्री दोन्ही पोर्टलवर आहे. वजाबाकी करायला अधिकाऱ्याला पाच मिनिटं लागतात. नोंदणी रद्द झाली तरी आधीच्या काळाची जबाबदारी संपत नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. अर्जात शून्य टाकलं होतं याची मात्र चिंता नव्हती. शिल्लक मालाचा कर अर्जाच्या वेळीच भरायला हवा असं नाही, तो अंतिम रिटर्नमध्ये भरता येतो. आणि अर्जाच्या वेळी भरला असेल तर अंतिम रिटर्नमध्ये त्याची वजावट दाखवायला रकाना आहे. दोनदा भरू नका.

तुमचं दुकान अजून बंद व्हायचं असेल तर हा सगळा व्याप टाळायचा एक सरळ मार्ग आहे. नंबर चालू असतानाच उरलेला माल एखाद्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला रीतसर कराचं बिल करून विकून टाका. कर तुमच्या क्रेडिटमधून जातो, त्याला त्याचं क्रेडिट मिळतं, आणि तुमच्याकडे मोजायला काही उरत नाही. थोडा भाव तुटला तरी चालेल, कारण सगळं झाल्यावर लेजरमध्ये उरलेलं क्रेडिट सहसा रोखीने परत मिळत नाही. कॅश लेजरमध्ये पैसे उरले असतील तर ते मात्र RFD-01 भरून परत मागता येतात.

इथे थांबा आणि माहितगार माणूस गाठा

वरचं सगळं एखादा लक्ष देऊन काम करणारा दुकानदार स्वतः करू शकतो. पण पुढच्या ठिकाणी हात लावू नका.

मालाची खरेदी बिलं नाहीत. मग बाजारभावाने अंदाज करावा लागतो आणि त्यावर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचा दाखला लागतो. आपल्याकडे २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कित्येकांची बिलं आणि माल दोन्ही गेलं. पुरात खराब झालेल्या मालाचं क्रेडिट तेव्हाच परत करायला हवं होतं. ते केलं नसेल तर शेवटी एकत्र बाहेर येतं, व्याजासकट. असं काम घेऊन पंचनामा आणि विम्याच्या कागदांसह सीएकडेच जा.

नंबर `Cancelled suo-moto` आहे. इथे आधी ठरवायचं असतं की नोंदणी पुन्हा चालू करून मागची रिटर्न भरायची की आहे तसं अंतिम रिटर्न भरायचं. पुन्हा चालू करण्याच्या अर्जाला आदेशापासून ९० दिवस आहेत आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने त्यापुढे आणखी १८० दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते. चुकीचा निर्णय घेतला तर दोन्ही वाटा बंद होतात.

ASMT-13, म्हणजे अधिकाऱ्याने अंदाजाने कर ठरवल्याचा आदेश, किंवा DRC-01, म्हणजे कर मागणारी नोटीस, असं लिहिलेला कागद आला असेल तर रिटर्न भरण्यापुरता प्रश्न राहिलेला नाही. ASMT-13 आदेशानंतर ६० दिवसांत खरं रिटर्न भरलं तर तो आदेश मागे घेतलेला मानला जातो, म्हणून त्याच दिवशी फोन करा.

मालक वारले आहेत आणि मुलगा किंवा पत्नी धंदा पुढे चालवणार आहे, किंवा धंदा दुसऱ्याला विकला आहे. अशा वेळी क्रेडिट ITC-02 ने नव्या नंबरवर नेता येतं. आधी नंबर रद्द करून टाकला तर ते करणं कठीण होतं. आणि लेथ, पॉवर प्रेस असली लाखांची यंत्रं असतील तर ६० महिन्यांचं गणित आणि विक्रीची किंमत यात चूक परवडत नाही.

रिटर्न गेलं की त्याची पोचपावती, रद्द झाल्याचा आदेश आणि मालाची मोजणी केलेला कागद, तिन्ही एका फाईलमध्ये लावा. खरेदी-विक्रीची बिलबुकंही रद्दीत घालू नका. हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची आहेत. २०२४-२५ मध्ये दुकान बंद केलेल्यांसाठी ती तारीख आहे ३१ डिसेंबर २०३१. आमच्या इलेक्ट्रिकवाल्यांनी सगळं एका पत्र्याच्या डब्यात घालून पोटमाळ्यावर ठेवलंय, डब्यावर खडूने तीच तारीख लिहून.